कापलेल्या फोटोतली बाई कारकुनाला दिसेल कशी, आणि त्याला कळेल काय

प्रश्न: "मी एक लघुकथा लिहितेय. कार्यालयात सगळ्यांमध्ये फिरणाऱ्या प्रेझेंटेशनच्या फाईलमध्ये एका कारकुनाला फोटोतून कापून टाकलेली बाई सापडते. कापलेला भाग फाईलमध्ये खरंच शिल्लक राहतो का? त्याला ती कशी सापडेल? आणि तिला कुणी कापलं हे त्याला कळू शकेल का? तांत्रिक चूक नकोय."

उत्तर:

राहतो, अगदी सहज राहतो. त्यासाठी कारकुनाला संगणकातलं फार काही यायला नको. बाहेर जाणारी प्रेझेंटेशनं आधी तपासून साफ करून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि अशी उरलेली माणसं, उरलेले आकडे, उरलेल्या सह्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता दचकायलाही होत नाही. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिले दोन सोपे आहेत. कथा खरी तिसऱ्यात आहे, म्हणून तिथे जास्त थांबतो.

पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप करणं म्हणजे कात्री चालवणं नव्हे. फ्रेमवाला फोटोच्या कडेवर पुठ्ठा ठेवतो, तसं ते आहे. फोटो पूर्ण असतो, पुठ्ठ्याखालचं दिसत नाही इतकंच. फाईलच्या आत पूर्ण फोटो एका बाजूला ठेवलेला असतो आणि स्लाईडवर फक्त एक सूचना असते, की या फोटोचा अमुक इतका भाग दाखवू नकोस. ही सूचना काढली की माणूस परत हजर. ही काही चूक नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे, कारण क्रॉप करणाऱ्याला उद्या चौकट थोडी सरकवावीशी वाटू शकते.

आता कारकून तिच्यापर्यंत पोहोचतो कसा. बहुतेक जण इथे नायकाला उगाच हुशार करतात: त्याला संशय येतो, तो रात्री थांबतो, फाईल उघडून आतलं खणतो. काही गरज नाही. कारकुनाच्या वाट्याला येणारं सगळ्यात साधं काम घ्या. फाईल जड झाली आहे, मेलवर जात नाही, "जरा लहान करून दे" असं साहेबांनी सांगितलंय. लहान करायची तर फोटो आवळायचे. त्यासाठी फोटोवर क्लिक करायचं, वर Picture Format नावाची पट्टी उघडते, तिच्या डाव्या अंगाला Compress Pictures असतं आणि उजव्या अंगाला Crop. घाईत हात उजवीकडे पडला, बास.

Crop दाबल्यावर काय दिसतं ते नीट लिहा, कारण तुमच्या कथेतला तो क्षण आहे. फोटोच्या कोपऱ्यांवर आणि कडांच्या मधोमध जाड काळे कंस येतात. त्या कंसांच्या बाहेर, जिथे आतापर्यंत स्लाईडची कोरी जागा होती, तिथे फोटोचा उरलेला भाग करड्या सावटाखाली उमटतो. बाई अचानक स्वच्छ दिसत नाही. मळक्या काचेमागे उभी असल्यासारखी दिसते. चेहरा ओळखू येतो, साडी कुठल्या रंगाची हेही अंदाजाने कळतं. तो Esc दाबतो आणि ती नाहीशी होते. पुन्हा Crop, पुन्हा ती. एवढ्यात फाईलमध्ये काहीही बदललेलं नसतं, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

(शेवटच्या माणसाच्या खांद्यावर मालक नसलेला हात दाखवण्याचा मोह होईल. टाळा. तो हात वाचकाने फार वेळा पाहिलाय. शिवाय क्रॉप करणाऱ्यालाही तो दिसला असता आणि त्याने चौकट आणखी आत घेतली असती.)

आता कुणी कापलं. इथे तुमच्या कारकुनाला फाईलच्या आत एकदा डोकवावं लागेल. तेही अवघड नाही. .pptx ही खरं तर झिप फाईल असते. तिची प्रत काढायची, नावाच्या शेवटी .pptx ऐवजी .zip करायचं आणि उघडायची. आत ppt नावाचा फोल्डर, त्यात media. सगळे मूळ फोटो तिथे image1, image2 अशा नावांनी पडलेले असतात, कापाकापीशिवाय. शेजारच्या slides फोल्डरमध्ये प्रत्येक स्लाईडची एक मजकूर-फाईल असते, साध्या नोटपॅडमध्येही उघडते. त्यात srcRect शब्द शोधला की पुठ्ठ्याची मापं मिळतात.

मापं वाचायची कशी ते एका उदाहरणावर सांगतो. समजा मूळ फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि २००० पिक्सेल उंच आहे. ओळीने उभे असलेले लोक, उजव्या टोकाला ती बाई. कारकुनाला स्लाईडच्या फाईलमध्ये अशी ओळ सापडली:

```
<a:srcRect r="23400"/>
```

r म्हणजे उजवी कड. आकडा टक्क्याच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे १००००० हे पूर्ण शंभर टक्के. इथे २३.४ टक्के झाकलेत, म्हणजे ३००० पैकी ७०२ पिक्सेल. l, t, b नाहीतच, म्हणजे डावीकडून, वरून, खालून काही घेतलेलं नाही. फक्त उजवीकडून, आणि तेही २३.४ असा कुठल्याही गोल हिशेबात न बसणारा आकडा. माउसने धरून कड आत आणली, बाई दिसेनाशी झाली तिथे सोडली, असं हे माप दिसतं.

आता त्याच फोटोसाठी हीच ओळ अशी असती तर?

```
<a:srcRect l="16667" r="16667"/>
```

दोन्हीकडून सारखंच, १६.६६७ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंनी ५००-५०० पिक्सेल. उरले मधले २०००. आणि फोटोची उंचीही २०००. म्हणजे चौरस. हा आकडा माणसाच्या हाताचा नाही.

पॉवरपॉइंटच्या अनेक तयार मांडण्यांमध्ये फोटोसाठी आधीच आखलेली चौकट असते. तिच्यात फोटो टाकला की प्रोग्राम तो स्वतःच चौकट भरेल असा बसवतो आणि जादाचं दोन्ही बाजूंनी सारखं झाकून टाकतो. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगतही नाही. आडवा फोटो चौरस चौकटीत टाकला की दोन्ही टोकांची माणसं गेली. टाकणारा स्लाईड बघतो, मधले चेहरे नीट दिसतात, पुढे सरकतो. त्या बाईला कुणीच कापलेलं नसतं. ती फक्त टोकाला उभी होती.

हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. एका ठिकाणी निरोपसमारंभाच्या प्रेझेंटेशनमध्ये एका जुन्या सहकाऱ्याचा फोटोतला भाग गायब होता. त्यांचं आणि स्लाईड बनवणाऱ्याचं पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत. मी Crop दाबून बघितलं, ते करड्या सावटाखाली उभे होते, आणि मी मोठ्या न्यायबुद्धीने वरपर्यंत तक्रार नेली. आकडे बघायचं सुचलं ते दुसऱ्या दिवशी. डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत सारखे. डाव्या टोकाला एक खिडकी आणि निम्मी कुंडीही कापली गेली होती, आणि कुंडीशी तरी कुणाचं वैर नव्हतं. ज्याच्यावर मी आळ घेतला त्याने फोटो चौकटीत टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्याची माफी मागितली, पण आमचं बोलणं त्यानंतर कामापुरतंच उरलं.

म्हणून तुमच्या कथेसाठी माझा आग्रह असा, की कारकुनाला ती बाई आधी सापडू द्या आणि आकडे बरेच नंतर. मधल्या काळात त्याने कुणावर तरी संशय घेऊ दे, मनात का होईना. मग आकडे कुठल्या बाजूचे ठेवायचे ते तुम्ही ठरवा. सारखे निघाले तर एक कथा होते, एकट्या उजवीकडचा २३४०० निघाला तर दुसरी.

आणि आकड्यांवरही त्याने पूर्ण भरवसा ठेवायला नको. चौकटीत आपोआप बसलेला फोटो नंतर माणूस आतल्या आत सरकवू शकतो; मग l आणि r वेगवेगळे होतात, पण त्यांची बेरीज तीच राहते, इथे ३३३३४. अशी बेरीज जुळली तर समजायचं, की चौकट मांडणीची आहे, पण कोण आत आणि कोण बाहेर हे कुणीतरी निवडलंय. तुमच्या जागी मी असतो तर हाच तिसरा प्रकार घेतला असता. l="0" r="33334". मांडणीला एक तृतीयांश फोटो झाकायचाच होता. कुणीतरी तो सगळा भार उजव्या टोकावर ढकलला. डाव्या टोकाच्या साहेबांना वाचवायला की उजवीकडच्या बाईला घालवायला, हे कुठलीच फाईल सांगत नाही.

नावाचं काय? झिपमध्ये docProps फोल्डरमध्ये core.xml असते. तिच्यात creator म्हणजे फाईल मुळात कुणाच्या नावाने तयार झाली आणि lastModifiedBy म्हणजे शेवटची कुणी साठवली, अशी नावं असतात. यातलं एकही नाव कापणाऱ्याचं असेलच असं नाही. जुन्या प्रेझेंटेशनवरून नवं करण्याची सवय सगळीकडे आहे, त्यामुळे creator म्हणून कित्येकदा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव फिरत राहतं. फाईल सामायिक ड्राइव्हवर असेल तर जुन्या आवृत्त्यांची यादी मिळते, आणि कुठल्या दिवशीच्या आवृत्तीत बाई दिसत होती, कुठल्यात नाही, हे एकेक उघडून बघता येतं. पण तिथेही फोटो आधीच कापलेल्या अवस्थेत दुसऱ्या प्रेझेंटेशनमधून चिकटवलेला असेल तर माग तिथेच संपतो. चिकटवताना पुठ्ठा आणि पुठ्ठ्याखालचा फोटो दोन्ही बरोबर येतात. कुणी आणलं ते कळतं, कुणी झाकलं ते नाही.

आणखी एक लहानसा पुरावा कधीकधी हाती लागतो. पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्या फोटो घालताना त्याच्या मूळ फाईलचं नाव वर्णनाच्या जागी आपोआप लिहून ठेवत. स्लाईडच्या फाईलमध्ये descr शब्दापुढे ते दिसतं. media फोल्डरमध्ये image3.jpeg झालेला फोटो मुळात कुठल्या नावाने साठवला होता ते इथे उरतं. त्या नावात बाईचं नाव घालायचं की नाही, हा तुमचा प्रश्न.

आता ती मघाची गोष्ट. Crop दाबून Esc दाबला तर काही बदलत नाही. पण कारकुनाने कुतूहलाने Reset Picture & Size दाबलं तर? फाईल सामायिक असेल आणि AutoSave चालू असेल, तर पुठ्ठा त्याच्याच नाही, सगळ्यांच्या पडद्यावरून उडतो. फोटो मूळ आकाराला जातो, स्लाईडबाहेर सांडतो, आणि त्या क्षणी फाईल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती बाई दिसते. तो घाबरून Ctrl+Z करतो, चित्र पूर्ववत होतं, पण शेवटचा बदल आता त्याच्या नावावर लागलेला असतो. उद्या दुसऱ्या कुणी शोध घेतला तर पहिलं नाव त्याचंच निघेल. त्याने सरळ फाईलची वेगळी प्रत काढून बघितलं असतं तर हे टळलं असतं. कारकून सावध आहे की उतावळा, हे एवढ्या एका कृतीतून दाखवता येईल.

एका मर्यादेची मात्र काळजी घ्या: चेहरा ओळखू येईल का? फोटो आवळताना Delete cropped areas of pictures या पर्यायाची खूण काढून ठेवली असेल, तर झाकलेला भाग टिकतो, पण दिसणाऱ्या भागाबरोबर तोही बारीक होतो. आपल्या पहिल्या उदाहरणात दिसणारा भाग २२९८ पिक्सेलचा आहे. तो स्लाईडवर ५ इंच रुंद असेल आणि २२० पीपीआयला, म्हणजे इंचाला २२० पिक्सेलवर आवळला, तर ११०० पिक्सेल उरतात, निम्म्याहून थोडे कमी. मूळ फोटोत चेहरा १२० पिक्सेल रुंद असेल तर आता ५७ च्या आसपास. ओळखीचा माणूस एवढ्यात ओळखू येतो. तोच फोटो मेलसाठीच्या ९६ पीपीआयला आवळला तर ४८० पिक्सेल, आणि चेहरा २५. मग एक बाई आहे एवढंच कळतं, कोण ते नाही. कथेत याआधी कुणीतरी फाईल मेलसाठी आवळली असेल तर कारकुनाला तिचा चेहरा दाखवू नका.

जाता जाता, दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष उघड झाला होता: कापून साठवलेल्या चित्राच्या फाईलच्या शेपटीला जुन्या चित्राचे तुकडे राहून जात. तो खराखुरा दोष होता, ते तुकडे जुळवायला वेगळं साधन लागे, आणि तरी चित्र अर्धवटच मिळे. तुमच्या कथेत तसं काही नाही. इथे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, म्हणूनच कुणाला पत्ता नाही. आणि स्लाईडवर फोटोऐवजी पडद्याचं चित्र काढून चिकटवलं असेल किंवा फोटो आधी दुसऱ्या प्रोग्राममध्ये कापून मग घातला असेल, तर पुठ्ठ्याखाली काहीच नसतं. मग कथाही नाही.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फाईलच एक सुचवते. कारकुनाला सांगितलेलं काम अजून व्हायचंय: फाईल लहान करायची. तो Compress Pictures दाबतो. एक छोटी खिडकी उघडते. वर दोन खुणा आधीच केलेल्या: Apply only to this picture, आणि तिच्याखाली Delete cropped areas of pictures. खाली OK. साहेबांनी सांगितलेलं काम निमूट केलं तर बाई कायमची जाते. तिला ठेवायचं तर त्याला खूण काढण्याची कृती करावी लागेल. OK दाबल्यावरही फाईल बंद करेपर्यंत Ctrl+Z ने मागे येता येतं. साठवून बंद केली की या प्रतीत ती नाही.

समजा त्याने दाबलं. साठवलं, बंद केलं. फाईल थोडी हलकी झाली, पण हवी तेवढी नाही. का, म्हणून तो प्रत काढून झिप उघडतो. media मध्ये कापलेला नवा फोटो आहे, आणि शेजारी तो जुना, पूर्ण ३००० पिक्सेलचा, तसाच. कुणीतरी कधीतरी चौथ्या स्लाईडची नक्कल करून ती अकरावी म्हणून लपवून ठेवली होती, आणि खिडकीतली ती आधीच केलेली खूण फक्त this picture पुरती होती.